घरात जपानी बोलणारं कोणी नसताना: चहा करता करता करायचा सराव

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची जी परीक्षा पुण्या-मुंबईतले विद्यार्थी जुलैत किंवा डिसेंबरात देतात, तिच्यात बोलण्याची चाचणी नाही. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं, सगळं पर्यायांतून निवडून गोल रंगवायचं. त्यामुळे तिची एन-४ ही खालून दुसरी पातळी पास झालेल्या माणसाला ‘आज सकाळी काय केलंत?’ असं कोणी जपानीत विचारलं की प्रश्न कळतो, उत्तरातले शब्दही माहीत असतात, पण तोंडातून वाक्य निघत नाही. अभ्यास कमी पडला असं यात नेहमी नसतं. समोर आलेला शब्द ओळखणं वेगळं आणि हवा तेव्हा तो शोधून, प्रत्यय लावून, क्रियापद फिरवून बाहेर काढणं वेगळं. दुसऱ्या कामाचा सराव परीक्षेने कधी मागितलेलाच नसतो.

कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करताना भाषाशिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांना हेच दिसलं होतं. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून मुलांना समजायचं उत्तम, बोलण्यात मात्र व्याकरणाच्या चुका राहायच्या. त्यांनी १९८५ साली मांडलेला मुद्दा असा, की ऐकताना व्याकरणाशिवाय भागतं, संदर्भावरून अर्थ लागतो. बोलताना भागत नाही, आणि आपल्याला नेमकं काय येत नाही हे बोलायला गेल्यावरच कळतं. समोर बोलायला माणूस नसेल, तर हे ‘काय येत नाही’ शोधण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे हातातलं काम जपानीत मोठ्याने सांगत राहणं.

पुढची जपानी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ऽ अशी खूण असेल तिथे आधीचा स्वर दुप्पट लांब म्हणायचा.

एकच काम, दहा मिनिटं

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत सगळं जपानीत बोलायचा निश्चय दुसऱ्या दिवशी मोडतो. एक काम धरा: पायऱ्या ठरलेल्या असलेलं, रोज होणारं, दहा मिनिटांत संपणारं. चहा या कामासाठी आदर्श आहे, कारण त्यात ओतणं, पेटवणं, उकळणं, किसणं, ढवळणं, गाळणं अशी क्रियापदांची रेलचेल असते. या सरावात नामांपेक्षा क्रियापदंच महत्त्वाची.

बोलायचं मोठ्याने, निदान स्वतःला स्पष्ट ऐकू येईल इतकं. मनातल्या मनात बोललं की मेंदू लबाडी करतो: ‘मिझु... इरेरु’ एवढ्यावर वाक्य झालं असं वाटतं, मधला ‘ओ’ आणि शेवटचं ‘-मासु’ गाळलं गेल्याचं कळतही नाही. घरच्यांची किंवा पीजीतल्या खोलीसोबत्यांची लाज वाटत असेल तर कानात इयरफोन घाला, फोनवर बोलताय असं वाटेल. कुजबुजणं मात्र अर्धंच उपयोगी आहे. त्यात स्वरांची लांबी टिकते, पण जपानीत महत्त्वाचा असलेला आवाजाचा चढउतार नाहीसा होतो.

पहिल्याच दिवशी एक अडचण येते: हात पुढे जातात आणि वाक्य मागे राहतं. गॅस पेटवायला एक सेकंद लागतो, आणि ‘मी गॅस पेटवतोय’ हे वाक्य जुळवायला पाच. यावर उपाय म्हणजे कामाच्या लांबीप्रमाणे काळ निवडायचा. झटपट होणारी गोष्ट करण्याआधी किंवा केल्यावर सांगायची: ‘हि ओ त्सुकेमासु’ (आता गॅस पेटवतो), ‘हि ओ त्सुकेमाशिता’ (पेटवला). आलं किसणं, पाणी उकळवणं अशा लांबणाऱ्या गोष्टी चालू असताना सांगायच्या: ‘श्योऽगा ओ ओरोशिते इमासु’. काहीच सुचलं नाही तर हात थांबवा आणि वाक्य पूर्ण करून मगच पुढची पायरी करा. चहाला दोन मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

‘-मासु’ची सभ्य रूपं वापरायची की साधी? जपानी माणूस स्वतःशी पुटपुटतो तेव्हा साधी रूपंच वापरतो. ‘मी आता साखर घालते आहे हं’ असं ‘-मासु’मध्ये स्वतःलाच सांगणं टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमासारखं वाटतं. तरी एन-४च्या आसपास असणाऱ्याने सुरुवातीला तसंच बोलावं, कारण वर्गात, मुलाखतीत आणि कामावर पहिल्यांदा हीच रूपं लागणार आहेत. साधी रूपं दोन ठिकाणी मुद्दाम घ्या: काही शोधताना (‘सातोऽ, दोको काना?’, म्हणजे साखर कुठे बरं?) आणि काही बिघडल्यावर (‘आरे?’, आपल्या ‘अरेच्चा’सारखं). त्यांचा सूर आपोआप स्वतःशी बोलण्याचा होतो. आणि प्रत्येक वाक्यात ‘वाताशि वा’ लावू नका. मराठीतही आपण ‘मी’ दर वाक्याला म्हणत नाही, जपानीत तर त्याहून कमी.

चहाची पूर्ण फेरी

नाबे ओ दाशिमासु. भांडं बाहेर काढतो.
मिझु ओ इरेमासु. पाणी घालतो.
हि ओ त्सुकेमासु. गॅस पेटवतो.
श्योऽगा ओ ओरोशिते इमासु. आलं किसतोय.
ओयु गा वाकिमाशिता. पाणी उकळलं.
च्याबा तो सातोऽ ओ इरेमासु. चहापत्ती आणि साखर घालतो.
ग्युऽन्युऽ ओ इरेते, काकिमाझेमासु. दूध घालून ढवळतो.
हि ओ केशिमासु. गॅस बंद करतो.
ओच्या ओ कोशिते, काप्पु नि सोसोगिमासु. चहा गाळून कपात ओततो.

पहिल्या फेरीत यातली तीन-चार वाक्यं नीट येतील, बाकी ठिकाणी अडकाल. अडकल्यावर लगेच फोन उघडला की सराव संपतो आणि शब्दकोश वाचणं सुरू होतं. त्याऐवजी दोनच पळवाटा ठेवा. नाम आठवत नसेल तर मराठी नाम घाला आणि बाकी वाक्य जपानीतच पूर्ण करा: ‘वेलदोडा ओ इरेमासु’ चालेल. किंवा वस्तूचं वर्णन करा. गाळणीला ‘च्याकोशि’ म्हणतात हे माहीत नसेल तर ‘ओच्या ओ कोसु मोनो’ म्हणा, म्हणजे ‘चहा गाळायची वस्तू’. मराठीसारखंच विशेषण-वाक्य नामाच्या आधी येतं, त्यामुळे ही युक्ती आपल्याला विशेष सोपी जाते, आणि जपानी माणसाशी बोलतानाही नेमकी हीच कामाला येते. क्रियापद अडलं तर मात्र पळवाट नाही. ते कागदावर मराठीत टिपा आणि चहा पिताना शोधा, दिवसाला जास्तीत जास्त तीन.

शोधायचं कुठे, यातही एक मेख आहे. मराठी-इंग्रजी-जपानी अशा उड्या मारत शब्द काढला की भलतंच क्रियापद हाती लागतं. जपानी संकेतस्थळांवर आपल्यासारख्या मसाला चहाच्या कृती ‘च्याइ’ या नावाने मिळतात. त्यातली एक उघडून पायऱ्यांमधली क्रियापदं बघा. तिथे पत्ती पाण्यात उकळवण्यासाठी ‘निदासु’ हे क्रियापद दिसेल. वर्गात शिकलेलं ‘ओच्या ओ इरेरु’ हे चहा तयार करण्यासाठीचं सर्वसाधारण क्रियापद आहे. पत्ती भांड्यात खळखळवायची आपली पद्धत ‘निदासु’ने नेमकी सांगता येते.

दूध सांडलं, पण कोणी?

हा सराव पहिल्या आठवड्यातच ज्या चुका उघड्या पाडतो, त्यांत सगळ्यात ठळक चूक क्रियापदांच्या जोड्यांची असते. करणारा आहे की गोष्ट आपोआप झाली, यावरून जपानीत क्रियापद बदलतं. मराठीतही तसंच आहे: विझवणे-विझणे, फोडणे-फुटणे, पाडणे-पडणे. जपानीत त्याच क्रमाने केसु-किएरु, वारु-वारेरु, ओतोसु-ओचिरु. करणारा असेल तर वस्तूला ‘ओ’ लागतो, नसेल तर ‘गा’. ‘काप्पु ओ ओतोशिमाशिता’ म्हणजे कप मी पाडला, ‘काप्पु गा ओचिमाशिता’ म्हणजे कप पडला.

मराठीतही जोडी आहे तिथे विद्यार्थी फारसा चुकत नाही. चुकतो तो जिथे मराठी दोन्हीसाठी एकच शब्द वापरते. ‘मी दूध सांडलं’ आणि ‘दूध सांडलं’, दोन्हीकडे सांडणेच. जपानीत पहिलं ‘ग्युऽन्युऽ ओ कोबोशिमाशिता’ आणि दुसरं ‘ग्युऽन्युऽ गा कोबोरेमाशिता’. तसंच उघडणे: ‘मी खिडकी उघडली’ला ‘मादो ओ आकेमाशिता’, ‘खिडकी उघडली’ला ‘मादो गा आकिमाशिता’. पाणी ‘उकळणे’ही आपण सैलपणे दोन्हीकडे वापरतो, जपानीत उकळवायचं असेल तर ‘वाकासु’, आपसूक उकळलं तर ‘वाकु’. म्हणून वहीत सांडणे, उघडणे, उकळणे यांसारख्या दुहेरी मराठी क्रियापदांची वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येकासमोर दोन जपानी वाक्यं लिहा, ‘ओ’ आणि ‘गा’सकट. जिशो या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक हे दिलेलं असतं, ते तपासून मगच लिहा.

या जोड्या ‘-ते इमासु’ला भिडल्या की आणखी एक खड्डा समोर येतो. ‘हि ओ त्सुकेते इमासु’ म्हणजे पेटवतोय, क्रिया चालू आहे. पण ‘हि गा त्सुइते इमासु’ म्हणजे पेटत चाललाय असं नव्हे. गॅस पेटलेला आहे, चालू आहे. ‘मादो गा आइते इमासु’, खिडकी उघडी आहे. बदल घडवणाऱ्या अकर्मक क्रियापदाला हे रूप लागलं की अर्थ बदलानंतरच्या स्थितीचा होतो, आपल्या ‘लागलाय, उघडलीय, आलाय’ सारखा. सराव असा: स्वयंपाकघरात उभं राहून आधी काय काय चालू, बंद, उघडं, भरलेलं आहे ते सांगायचं आणि मग त्यातली एकेक गोष्ट बदलत ती क्रिया सांगायची. दिवा लागलेला आहे. दिवा बंद करतो. दिवा बंद आहे. ‘देन्कि गा त्सुइते इमासु. देन्कि ओ केशिमासु. देन्कि गा किएते इमासु.’ बटण समोरच असल्यामुळे अर्थाचा गोंधळ राहत नाही.

‘-ऊन’ची शिदोरी

मराठी भाषकाला या सरावात एक आयता फायदा मिळतो, आणि तो पुरता वापरला जात नाही. जपानीतलं ‘-ते’ रूप हे बऱ्याच अंशी आपलं ‘-ऊन’ आहे. ‘उठून, तोंड धुऊन, चहा प्यायलो’ म्हणजे ‘ओकिते, काओ ओ आरात्ते, ओच्या ओ नोमिमाशिता’. क्रमही तोच, क्रियापद शेवटी. एवढंच नव्हे, ‘-ऊन’नंतर आपण जी छोटी क्रियापदं जोडतो त्यांतली काही जपानीतही तशीच जोडली जातात. रात्री कडधान्य पाण्यात भिजवून ठेवतो: ‘मामे ओ मिझु नि त्सुकेते ओकिमासु’. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. खाऊन बघतो: ‘ताबेते मिमासु’, आणि ‘मिरु’ म्हणजे बघणे. दूध विकत घेऊन येतो: ‘ग्युऽन्युऽ ओ कात्ते किमासु’. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या पुस्तकांना यासाठी पानंच्या पानं खर्च करावी लागतात; मराठीतून शिकवलं तर दोन ओळींत भागावं.

दूध उतू गेलं तर ‘फुकिकोबोरेते शिमाइमाशिता’. हे ‘-ते शिमाउ’ आपल्या ‘-ऊन गेलं, -ऊन टाकलं’च्या जवळचं आहे, काम पूर्ण संपणं आणि नको ते होऊन बसल्याची हळहळ, दोन्ही त्यात येतात. पण पूल सगळीकडे पोचत नाही. ‘जेवून घेते’तल्या ‘घेणे’ला जपानीत असं जोडक्रियापद नाही. ‘ताबेते तोरिमासु’ असं शब्दशः केलंत तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. तिथे ‘ताबेते शिमाइमासु’ (संपवून टाकते) किंवा ‘ताबेते ओकिमासु’ (पुढच्यासाठी आधी जेवून ठेवते) यातलं काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं.

‘-ते’ रूप बनवतानाही चूक होते, आणि कांदा चिरताना ती मजेशीर होते. कापणे आणि अंगात घालणे ही दोन्ही क्रियापदं मूळ रूपात ‘किरु’ आहेत. कापणेचं ‘-ते’ रूप ‘कित्ते’, घालणेचं ‘किते’. ‘तामानेगि ओ किते’ म्हणालात तर कांदा अंगात घातलात. मराठीत ‘पक्का’, ‘सत्तर’ अशी जोडव्यंजनं भरपूर असल्यामुळे ‘कित्ते’ उच्चारणं आपल्याला अवघड नाही; रूप पाठ नसतं, एवढीच अडचण.

त्याच नऊ वाक्यांचा मंत्र झाला तर

दहा-बारा दिवसांत चहाची वाक्यं न अडखळता येतात आणि तिथेच सराव गोठतो, कारण आता तुम्ही बोलत नाही, म्हणताय. ओळखायची खूण सोपी आहे: साखर संपलेली असतानाही तोंडातून ‘सातोऽ ओ इरेमासु’ निघालं, की समजावं. अशा वेळी काम तेच ठेवून बोलण्याची बाजू बदला. एक दिवस दुसऱ्याला सूचना द्या: ‘मिझु ओ इरेते कुदासाइ’. एक दिवस प्रत्येक पायरीला कारण जोडा: ‘सामुइ कारा, श्योऽगा ओ इरेमासु’, थंडी आहे म्हणून आलं घालतो. एक दिवस स्वतःला प्रश्न विचारून उत्तरं द्या, कारण निवेदनात प्रश्नवाक्यं येतच नाहीत आणि ती कच्ची राहतात. मग काम बदला: भांडी, कपडे वाळत घालणं, पिशवी भरणं.

संध्याकाळी तोच प्रसंग भूतकाळात सांगायची एक चांगली पद्धत आहे. एकच हकिकत आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. मूळ पद्धतीत दर वेळी श्रोता बदलतो; एकट्याने करताना घड्याळ लावा. एन-४ला चार मिनिटं फार होतात, तेव्हा दोन, दीड आणि एक मिनिट घ्या. मजकूर तोच असल्यामुळे तिसऱ्या वेळी विचार शब्दांवर खर्च होत नाही आणि मधले थांबे कमी होतात.

चुका कोण पकडणार

एकट्याने बोलण्याचा खरा धोका असा, की चुकीचं वाक्य रोज म्हणून पक्कं होतं. आठवड्यातून एकदा फोनवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करा आणि ते ऐकताना एका वेळी एकच गोष्ट शोधा. एका आठवड्यात फक्त ‘ओ’ आणि ‘गा’. दुसऱ्यात ‘नि’ आणि ‘दे’, कारण आपला ‘-त’ दोघांचं काम करतो: ‘स्वयंपाकघरात चहा करतो’ला ‘दाइदोकोरो दे’, पण ‘कपाटात साखर आहे’ला ‘तोदाना नि’. क्रिया घडते तिथे ‘दे’, वस्तू असते तिथे ‘नि’. तिसऱ्या आठवड्यात स्वरांची लांबी. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, आणि ‘ओ’ला तर लिहितानाही ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, त्यामुळे ‘सातोऽ’चा शेवट तोडला जातो. मग साखरेऐवजी ‘सातो’ होतं, म्हणजे गाव. बोलताना हे कळत नाही, ऐकताना लगेच कळतं.

ध्वनिमुद्रणात सापडतात त्या फक्त तुम्हाला माहीत असलेल्या नियमांच्या चुका. माहीतच नसलेली चूक, आवाजाचा चढउतार, किंवा व्याकरणाने बरोबर पण जपानी माणूस कधी म्हणणार नाही असं वाक्य यांसाठी दुसरा माणूस लागतोच. म्हणून शंका वाटलेली पाचेक वाक्यं लिहून ठेवा आणि वर्गात शिक्षकांना दाखवा. ‘माझं जपानी तपासा’ यापेक्षा ‘इथे नि की दे?’ या प्रश्नाला उत्तर पटकन मिळतं. समोरच्याचं वेगाने बोलणं समजून घेणं, मध्येच ‘हाइ’, ‘सोऽ देसु का’ म्हणत दाद देणं, न कळल्यास पुन्हा विचारणं, वरिष्ठांशी आदरार्थी बोलणं, यांतलं काहीही चहाच्या भांड्याशी बोलून येत नाही. ऐकण्यासाठी वेगळा वेळ काढा, आणि महिन्यातून दोनदा जरी कोणाशी पंधरा मिनिटं बोलायला मिळालं, तर त्यात सकाळची दिनचर्या सांगू नका. ती आता येते. त्या वेळात समोरच्याला प्रश्न विचारा.